पाणी ढकलतं किती?

सातारा जिल्ह्यात कोयना धरण आहे. तिथून कोयनेचं थोडं पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळून सांगलीकडे जातं. पण बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून पलीकडे कोकणात, पोफळीच्या भूमिगत वीजघरात उतरतं. ते सुमारे 475 मीटर खाली येतं, म्हणून झोताचा वेग होतो सेकंदाला 96 मीटरच्या आसपास! हा झोत वीजघरातल्या चाकाला किती जोरात ढकलत असेल?

कऱ्हाड-सांगलीच्या इंजिनिअरिंगच्या ताई-दादांना परीक्षेत असंच गणित येतं. आपण छोटे आकडे घेऊन ते सोडवू. समजा, झोतातून सेकंदाला 20 किलो पाणी येतंय आणि वेग आहे सेकंदाला 10 मीटर.

आधी समोर सपाट पत्रा घट्ट बसवू. पाणी आदळून चहूबाजूंना पसरतं, म्हणजे पुढे जायचा वेग 10 वरून शून्य होतो. बल म्हणजे सेकंदाला येणारं पाणी गुणिले वेगातला फरक : 20 × 10 = 200 न्यूटन. साधारण 20 किलोचं पोतं उचलायला लागेल एवढं.

आता पत्र्याऐवजी खोलगट वाटी लावू. पाणी आत शिरतं, वळतं आणि आलं तिकडेच परत फिरतं. वेग पुढे 10 होता, आता मागे 10. फरक 20, बल 400 न्यूटन. पाणी तेवढंच, जोर दुप्पट!

पण जागेवर उभी वाटी वीज कशी करणार? तिला पळायला हवं. एकटी वाटी 5 च्या वेगाने पुढे पळाली, तर निम्मंच पाणी तिला गाठेल. म्हणून चाकाच्या कडेला ओळीने वाट्या बसवतात. एक पुढे सरकली की दुसरी हजर, पाणी वाया जात नाही. अमेरिकेतल्या लेस्टर पेल्टनने 1880 मध्ये अशाच चाकाचं पेटंट घेतलं. पोफळीतही पेल्टन चाकंच आहेत.

वाट्या 5 ने पळत असतील, तर पाणी त्यांना 10 − 5 = 5 च्या वेगानेच भिडतं. बल 20 × 5 × 2 = 200 न्यूटन. त्याला वाटीच्या वेगाने गुणा : 200 × 5 = 1000 वॅट. आणि झोतात एकूण शक्ती किती होती? अर्धा × 20 × 10 × 10, म्हणजे 1000 वॅटच! चाकाने सगळी काढून घेतली. वाटीतून 5 ने मागे फिरलेलं पाणी वाटीबरोबर 5 ने पुढेही चाललेलं असतं, म्हणून ते जागच्या जागी थांबून नुसतं खाली पडतं.

खऱ्या चाकात थोडं कमी मिळतं. पाणी पूर्ण मागे वळवलं, तर ते मागून येणाऱ्या वाटीच्या पाठीवर आपटेल. म्हणून ते जरा बाजूला काढून देतात. शिवाय घर्षण असतंच.

आता तुमची पाळी. वाटीचा वेग आधी 4 धरा, मग 6. दोन्ही वेळा 960 वॅट आले, तर गणित जमलं!