एकाच तक्रारीसाठी दोन गोळ्या

सत्तरीला टेकलेल्या एका गृहस्थांचं उदाहरण घेऊ. लघवीला उभं राहिलं की सुरू व्हायलाच वेळ लागतो, धार बारीक पडते, मध्येच तुटते, रात्री तीन-चारदा उठावं लागतं. सोनोग्राफीत प्रोस्टेट 52 ग्रॅम भरली; तरुणपणी ती साधारण 20 ग्रॅम असते. लघवीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर आकडा आला सेकंदाला 8 मिलिलिटर. तो 15 च्या वर असला तर चांगला, 10 च्या खाली आला तर वाटेत अडथळा असण्याची शक्यता बरीच. कर्करोगाची लक्षणं नव्हती. वाढ साधी होती. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या, टॅमसुलोसिन आणि फिनास्टेराईड. पहिलीने आठवड्यात फरक पडला. दुसरीने दोन महिन्यांत काहीच जाणवलं नाही, म्हणून ती परस्पर बंद झाली. ही चूक घरोघरी होते, कारण दोन्ही गोळ्या एकच काम करतात असं वाटतं.

प्रोस्टेट मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेली असते आणि लघवीची नळी तिच्या मधूनच जाते. नळी दोन कारणांनी दबते. एक म्हणजे ग्रंथीचा वाढलेला मांसल भाग. दुसरं कारण सोनोग्राफीत दिसत नाही: ग्रंथीत आणि मूत्राशयाच्या तोंडाशी आपोआप आवळणारे स्नायू असतात आणि ते नळी घट्ट धरून ठेवतात. म्हणूनच 35 ग्रॅमच्या ग्रंथीचा एखाद्याला प्रचंड त्रास होतो, तर 70 ग्रॅमवाला आरामात असतो.

टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन ही अल्फा ब्लॉकर औषधं. स्नायूंना आवळण्याचा मज्जातंतूंचा निरोप ज्या अल्फा ग्राहकांवर येतो, तेच ती अडवतात. पकड सैल होते, धार सुधारते. आपल्या गृहस्थांचा वेग 8 वरून 11 वर गेला. आकडा लहान दिसतो, पण रोजच्या जगण्यात तो कळतो. ग्रंथी मात्र 52 ग्रॅमचीच राहते आणि पुढेही वाढू शकते. गोळी थांबवली की काही दिवसांत पकड पुन्हा घट्ट.

फिनास्टेराईडची वाट निराळी, आणि तिची कथा कॅरिबियन बेटांवरून सुरू होते. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत जन्मतः मुलींसारखी दिसणारी काही मुलं वयात येताना पुरुषी होत असत. 1974 साली संशोधकांनी कारण दाखवलं: टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी नावाच्या अधिक जोरकस संप्रेरकात रूपांतर करणारं विकर त्यांच्यात कमी होतं. मोठेपणीही या पुरुषांची प्रोस्टेट लहानच राहत असे. मग हेच विकर औषधाने रोखलं तर? त्यातून फिनास्टेराईड आलं. अमेरिकेत 1992 साली त्याला परवानगी मिळाली.

डीएचटी घटलं की ग्रंथी हळूहळू आक्रसते, साधारण पाचवा ते चौथा हिस्सा. त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. 52 ची ग्रंथी 40 च्या आसपास आली तर औषधाने काम चोख केलं म्हणायचं. लघवी पूर्ण तुंबण्याचा आणि ऑपरेशनचा पुढचा धोका कमी होतो तो या गोळीने. अल्फा ब्लॉकरने तो टिकाऊपणे कमी होत नाही. मात्र ग्रंथी मुळात लहान असेल तर फिनास्टेराईडचा फारसा उपयोग नाही. म्हणून आकार मोजल्याशिवाय ती सुरू करण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या ग्रंथीसाठी दोन्ही एकत्र देतात: एक आजचा त्रास हलका करते, दुसरी पुढच्या वर्षांचा.

या गोळीचा एक छुपा सापळा आहे. कर्करोगाच्या तपासणीत बघतात तो पीएसए हा आकडा तिच्यामुळे सहा महिने ते वर्षभरात जवळजवळ निम्मा होतो. आधी 3.2 असलेला आकडा 1.6 आला तर तो मनात दुप्पट करून वाचायचा. आणि तळाला गेलेला आकडा गोळी चालू असतानाच पुन्हा चढू लागला, समजा 1.6 चा 2.6 झाला, तर ‘अजून चारच्या आत आहे’ म्हणून सोडून देऊ नये. लगेच डॉक्टरांना दाखवावा. केस गळतीसाठी 1 मिलिग्रॅमची फिनास्टेराईड घेणाऱ्यांचाही आकडा असाच घसरतो.

दोन्हींचे त्रासही वेगळे. अल्फा ब्लॉकरने रक्तदाब उतरून उठताना चक्कर येऊ शकते, वीर्य कमी पडतं किंवा पडतच नाही. फिनास्टेराईडने काहींची कामेच्छा आणि ताठरता घटते. तिची फुटलेली गोळी गरोदर स्त्रीने हाताळू नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर टॅमसुलोसिन घेत असल्याचं, किंवा पूर्वी घेतल्याचंही, डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा. या औषधाने बुबुळ सैल पडतं आणि शस्त्रक्रियेत अडचण येते. आधी कळलं तर ते तयारीने बसतात.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्या मूत्राशयाचं तोंड आवळतात किंवा त्याचा जोर कमी करतात. ज्यांची धार आधीच बारीक आहे, त्यांनी त्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. पोट फुगलंय, कळ येतेय आणि लघवी थेंबभरही होत नाही, अशी वेळ आली तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा.