झीलकऱ्याची ओळ

लोकगायनाच्या या लेखमालेत मागच्या आठवड्यात वासुदेव होता. तो एकटाच गातो, एकटाच नाचतो. गोंधळ एकट्याने होत नाही. पुढे नाईक, त्याच्या मागे किंवा शेजारी झीलकरी, संबळवाला, तुणतुण्यावर एक जण आणि हातात दिवटी असा निदान चार-पाच जणांचा फड लागतो. नवरात्रात किंवा लग्नसराईत सोसायट्या, महाविद्यालये आणि मंडळे ‘गोंधळ बसवायला’ घेतात, तेव्हा नाईकाच्या भूमिकेसाठी चढाओढ होते आणि झील ‘उरलेल्यांना’ मिळते. कार्यक्रम तिथेच निम्मा पडतो, कारण गोंधळातली अर्धी रचना त्या उरलेल्यांच्या तोंडी असते.

घरचा गोंधळ हा कुलाचार आहे. लग्न किंवा मुंज झाली की देवीचे देणे फेडायचे म्हणून पाटावर नवे वस्त्र अंथरतात, धान्याच्या राशीवर कलश ठेवतात, विड्याची पाने, नारळ मांडतात आणि रात्रभर जागर होतो. गोंधळ्यांमध्ये रेणुराई आणि कदमराई असे दोन मोठे भाग आहेत. पहिल्यांची माहूरची रेणुका, दुसऱ्यांची तुळजापूरची भवानी. रंगमंचावर चाळीस मिनिटांत रात्र मावत नाही. पण रात्रीचा क्रम मावतो: गण, देवदेवतांना बोलावणे, आख्यान आणि शेवटी आरती. हा क्रम सोडून मधलेच एखादे ठेक्याचे गाणे उचलले, तर ते देवीचे गाणे होते, गोंधळ होत नाही.

बोलावण्यापासून सुरुवात करू. नाईक एकेका ठाण्याच्या देवीला हाक घालतो आणि प्रत्येक हाकेनंतर झील येते. नव्या कार्यक्रमासाठी लिहिलेला हा नमुना पाहावा:

नाईक: तुळजापुरची माय भवानी
झील: आई ये, वाट पाहतो
नाईक: माहुरगडची माय रेणुका
झील: आई ये, वाट पाहतो
नाईक: करवीरातिल अंबाबाई
झील: आई ये, वाट पाहतो
नाईक: वणीगडावर उभी माउली
झील: आई ये, वाट पाहतो

नाईकाची प्रत्येक ओळ सोळा मात्रांची आहे, आठ आणि आठ. झील चौदा मात्रांची आहे आणि उरलेल्या दोन मात्रांत ‘तो’ लांबतो. त्या लांबलेल्या स्वरातच नाईक श्वास घेतो आणि संबळवाला पुढच्या ओळीचा तुकडा टाकतो. सोळाच्या सोळा मात्रा शब्दांनी भरल्या, तर नाईकाला झीलकऱ्यांच्या अंगावर चढूनच पुढची ओळ सुरू करावी लागते. हौशी फडांत नेहमी हेच होते आणि दोष मात्र ‘ताल सुटला’ म्हणून संबळवाल्याला लागतो.

शेवटच्या ओळीत ‘उभी’ हा शब्द मात्रा भरायला आलेला नाही. सप्तशृंगीची अठरा हातांची मूर्ती उभी आहे. त्या ओळीत कुणी ‘बसली’ घातले, तर एक मात्रा वाढेलच, शिवाय वणीला जाऊन आलेली आजी तिसऱ्या रांगेतून मान हलवील. गोंधळात ठाण्याचा तपशील चुकलेला लोक लगेच ओळखतात. मग शेवटी ज्यांच्याकडे कार्यक्रम आहे त्यांच्या गावची ग्रामदेवता घ्यावी. तिच्या नावाला टाळी हमखास पडते.

दुसऱ्या प्रकारची झील आख्यानात लागते. इथे ठराविक ओळ पुन्हा पुन्हा म्हणून चालत नाही, कारण कथा पुढे सरकायची असते. म्हणून साथीदार प्रश्न विचारतो, शंका काढतो, थट्टा करतो. विठ्ठल उमपांनी रंगमंचावर गाजवलेल्या ‘जांभूळ आख्यान’ची कथा द्रौपदीच्या मनातल्या कर्णाची. असली अवघड गोष्ट लोकांसमोर सोडवताना मधल्या माणसाचा भाबडा प्रश्न फार उपयोगी पडतो. श्रोत्याच्या मनातली शंका तोच विचारून टाकतो.

देवीची कथा म्हणून तुळजापूरचीच घेऊ. कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती पतीच्या निधनानंतर मंदाकिनीच्या काठी तपाला बसली, कुकुर नावाच्या दैत्याने तिचे तप मोडायला घेतले, तिने धावा केला आणि देवी आली.

नाईक: मंदाकिनिच्या काठावरती, अनुभूती ती बसली ध्यानी
साथीदार: एकटीच? रानात?
नाईक: एकटीच बाबा. डोळे मिटलेले.
साथीदार: मग कुणी आलं का?
नाईक: कुकुर दैत्य तो आला धावुनि
साथीदार: अरे देवा! आणि हिच्या हातात काय?
नाईक: जपमाळ.
साथीदार: बस, एवढंच?
नाईक: आणि तोंडात आईचं नाव.

गायची ओळ आणि बोलायची ओळ इथे आलटून पालटून येतात. बोलताना संबळ पूर्ण थांबवू नये. एका हाताने हलका ठेका धरून ठेवावा, नाहीतर पुन्हा गाणे उचलताना पट्टी आणि लय दोन्ही हलतात. तुणतुणे त्यासाठीच असते. त्याची एकच तार सूर धरून ठेवते. दोन प्रश्नांनंतर गायची ओळ यायलाच हवी. चार-पाच प्रश्न एका दमात आले, की त्याचे नाटुकले होते आणि लोक पाठ टेकून बसतात.

तिसरी झील उदोकाराची. ती राखून ठेवायची असते.

नाईक: हाक ऐकुनी आली आई
झील: उदो उदो!
नाईक: दैत्य पाडिला एका घाई
झील: उदो आईचा, उदो उदो!

पहिल्या कडव्यापासून उदोकार सुरू केला, तर देवी प्रकट होते तेव्हा देण्यासारखे काही शिल्लकच राहत नाही. इथे पहिला उदो दोन शब्दांचा आणि दुसरा लांब ठेवला आहे. सभागृहाला पहिल्याने अंदाज येतो आणि दुसऱ्यात ते सामील होते. गाणाऱ्या माणसांना ‘आता सगळ्यांनी म्हणा’ असे सांगावे लागले, तर बहुधा ओळच अवघड लिहिलेली असते. तालमीला बाहेरची दहा माणसे बसवून पाहावे. तिसऱ्या वेळेला त्यांनी ओळ आपणहून धरली तर ती ठेवावी. ती नुसता शेवटचा शब्द पुटपुटत असतील तर ओळ छाटावी.

आता थोडे मंचाबद्दल. संबळ म्हणजे कमरेला बांधलेली, कातड्याने मढवलेली जोड भांडी. एकाचा आवाज खर्जाचा, दुसऱ्याचा चढा. मोकळ्या अंगणासाठी असलेले हे वाद्य बंद सभागृहात झील गिळून टाकते. ध्वनिक्षेपक नाईकापुढे एक आणि झीलकऱ्यांपुढे दोन हवेत. संबळाला बहुतेक वेळा एकही लागत नाही. पेटत्या दिवटीला बऱ्याच सभागृहांत परवानगी मिळत नाही. तिच्या जागी विजेवरची हलती ज्योत आणतात, ती फार केविलवाणी दिसते. त्यापेक्षा कवड्यांच्या माळा घातलेल्या नाईकावर एकच पिवळा झोत ठेवावा.

चौकाबाबत मात्र जाणते गोंधळी आग्रही असतात. मांडला तर रीतीने मांडावा आणि शेवटी आरती करूनच उठवावा. शोभेसाठी थर्माकोलचा कलश ठेवू नये. रीत पाळायची नसेल तर चौक मांडूच नये, नुसते गावे. वरच्या नमुन्यात ‘चौक मांडला’ असे शब्द टाळून ‘वाट पाहतो’ लिहिले ते याचसाठी. मंचावर चौक असला तरी ती ओळ चालते, नसला तरी खोटी पडत नाही.

पुढच्या आठवड्यात जोगवा.