नाशिकहून मुंबईपर्यंत: मोर्चा उभा कसा राहतो?

वनहक्क कायदा 2006चा. कसत असलेली वनजमीन नावावर होत नाही, ही आदिवासींची तक्रार त्याहून जुनी. मग हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईकडे चालत निघाले ते 2018च्या मार्चमध्येच का?

जॉन मॅकार्थी आणि मेयर झाल्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1977मध्ये मांडलेले उत्तर रोखठोक आहे: असंतोष नेहमीच असतो, माणसे, पैसा आणि संघटना जमली की आंदोलन होते. याला संसाधन-संघटन सिद्धांत म्हणतात. इथे किसान सभेची गावोगावची बांधणी होती, शिधा होता आणि सुमारे 180 किलोमीटरच्या वाटेवर मुक्कामांची सोयही होती.

युरोपातले आलँ तुरेन, अल्बर्टो मेलुची विचारतात, ‘आम्ही’ कोण हे आंदोलक कसे ठरवतात? ‘नवसामाजिक चळवळीं’चा हा सिद्धांत ओळख आणि संस्कृतीकडे पाहतो. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून मोर्चेकरी रात्रीतूनच आझाद मैदानाकडे चालले. मुंबईकरांनी त्यांना पाणी, चपला दिल्या. हे निव्वळ हिशेबात बसत नाही.

तरी मागण्या जमीन आणि कर्जमाफीच्या, म्हणजे पोटाच्याच होत्या. तिथे दुसरा सिद्धांत तोकडा पडतो. या मोर्च्यापुरते पहिल्याचे पारडे जड आहे.