कार्बनच्या साखळीत जोड्या का पडतात?

पॉलिॲसिटिलीन म्हणजे कार्बन अणूंची लांबच लांब साखळी. प्रत्येक कार्बनचे तीन इलेक्ट्रॉन दोन शेजारी कार्बन आणि एका हायड्रोजनशी बंध जुळवण्यात गुंततात. चौथा साखळीभर फिरू शकतो. सगळे बंध सारखे असते, तर साध्या हिशेबाने ही साखळी धातूसारखी वीज वाहून नेती. प्रत्यक्षात बंध आळीपाळीने आखूड आणि लांब असतात, सुमारे १.३६ आणि १.४४ अँगस्ट्रॉमचे, आणि शुद्ध पॉलिॲसिटिलीन अर्धवाहक असते.

आधी सारख्या बंधांची साखळी घेऊ. एकट्या अणूवरील इलेक्ट्रॉनची ऊर्जा शून्य धरली, तर साखळीत तिच्या पायऱ्या साधारण उणे ५ पासून अधिक ५ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत सलग पसरतात. एका पायरीवर दोन इलेक्ट्रॉन मावतात आणि अणूमागे फिरता इलेक्ट्रॉन एकच. त्यामुळे पायऱ्या बरोबर शून्यापर्यंत, म्हणजे निम्म्याच भरतात.

खरी गोम या शून्याच्या पायरीत आहे. तिथल्या इलेक्ट्रॉनची लहर दर चार अणूंनी स्वतःची पुनरावृत्ती करते. ती दोन प्रकारे बसू शकते: एकतर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बंधात इलेक्ट्रॉन दाटतो, नाहीतर दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या बंधात. बंध सारखे असताना दोन्हींची ऊर्जा एकच. आता अणू किंचित सरकून जोड्या करू लागले, की आखूड बंधांत दाटलेली लहर खाली जाते आणि लांब बंधांत दाटलेली वर चढते. मध्ये सुमारे १.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टची फट पडते. भरलेली पायरी खालची, वरची रिकामी. म्हणून वर चढण्याचा तोटा कुणालाच सोसावा लागत नाही.

तळाच्या, उणे ५ जवळच्या इलेक्ट्रॉनांना यातून जवळजवळ काहीच मिळत नाही. फटीच्या काठावरचे मात्र सुमारे ०.७ ने उतरतात. अर्धी भरलेली साखळीच यासाठी लागते, कारण तेव्हाच फट नेमकी भरलेल्या आणि रिकाम्या पायऱ्यांच्या सीमेवर पडते.

अणू सरकवायला ऊर्जा लागतेच, आणि ती सरकण्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. इलेक्ट्रॉनांची बचतही वर्गासोबतच वाढते, पण तिला जोडून एक लॉगॅरिदम येतो, जो सरकणे जितके लहान तितका मोठा होतो. म्हणून लहान सरकण्यात बचत खर्चावर नेहमीच मात करते आणि समान बंधांची रचना टिकूच शकत नाही. जिथे आणखी सरकण्याचा खर्च आणि त्यातली बचत सारखी होते, तिथे अणू थांबतात. हा युक्तिवाद रुडॉल्फ पायर्ल्स यांचा. पॉलिॲसिटिलीनच्या फटीत इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या प्रतिकर्षणाचाही वाटा आहे, तो या हिशेबात धरलेला नाही.

तापवून फट मिटवता येत नाही: खोलीच्या तापमानाची ऊर्जा जेमतेम ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि फार तापवले तर पदार्थच बिघडतो. उपाय म्हणजे भरण्याचे प्रमाणच बदलणे. शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी १९७७ मध्ये आयोडीनच्या वाफेने साखळीतले काही इलेक्ट्रॉन काढून घेतले आणि तिची वीजवाहकता लाखो पटींनी वाढली. २००० साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.