‘लख्ख उजेड’ म्हणजे किती?

ऑनलाइन दुकानात एका बल्बखाली लिहिलेलं असतं, ‘सुपर ब्राइट, लख्ख पांढरा, ९ वॅट’. ग्राहक तो मागवतो, पण टेबल-लॅम्पच्या होल्डरमध्ये तो बसतच नाही. भिंतीवरच्या होल्डरमध्ये लावला, तर झोपायची खोली दवाखान्यासारखी निळसर पांढरी दिसते. बल्बमध्ये दोष नसतो, माहिती अपुरी असते.

वॅट म्हणजे बल्ब किती वीज घेतो, तो आकडा. उजेड मोजतात ल्युमेनमध्ये. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० ते ८०० ल्युमेन देई. तेवढ्याच प्रकाशासाठी एलईडीला ८-९ वॅट पुरतात. म्हणून ‘६० वॅटच्या बल्बइतका’ असं लिहिणं उपयोगी, पण शेजारी ल्युमेन हवेतच. नाहीतर तो दावा तपासणार कसा?

रंगाचा आकडा केल्विनमध्ये असतो आणि तो थोडा उलटा वाटतो: २७०० म्हणजे उबदार पिवळसर, ६५०० म्हणजे थंड, निळसर पांढरा.

मग बूड. भारतीय घरांत दोन खिळ्यांचा, दाबून फिरवायचा बी२२ सर्रास आढळतो. आट्यांचा ई२७ टेबल-लॅम्पमध्ये असतो, तर बारीक आट्यांचा ई१४ झुंबरांत. आकडा बुडाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो.

तीच जाहिरात आता अशी: ‘एलईडी बल्ब, ८१० ल्युमेन, ९ वॅट (जुन्या ६० वॅटइतका उजेड), २७०० केल्विन उबदार पिवळसर, ई२७ आट्यांचं बूड.’ दिव्याच्या जाहिरातीत एक ओळ वाढवावी: बल्ब सोबत मिळतो का, आणि होल्डरला कमाल किती वॅट चालतात.