आज करू की थांबू? टॅरोचे तीन पत्ते

सकाळी अकराला एजंटचा फोन येतो : “ताई, संध्याकाळपर्यंत टोकन द्या, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे.” फ्लॅट आवडलेला असतो, पैसेही जमलेले असतात, तरी मन कचरतं. अशा घाईच्या वेळी टॅरो वाचणारे बरेचजण मोठी मांडणी बाजूला ठेवून तीन पत्त्यांची छोटी मांडणी घेतात. पहिला पत्ता ‘आत्ता केलं तर’, दुसरा ‘थांबलो तर’ आणि तिसरा सल्ल्याचा.

मांडणी सोपी असली तरी तिचं निम्मं काम पत्ते पिसण्याआधीच होतं. ‘फ्लॅट घेऊ की नको?’ हा प्रश्न इथे चालत नाही, कारण थांबण्याला मुदत नसली तर दुसऱ्या पत्त्याला काही अर्थच उरत नाही. प्रश्न असा हवा : ‘आज टोकन दिलं तर काय होईल, आणि आठ दिवस थांबले तर काय होईल?’ डावीकडची जागा कृतीची, उजवीकडची थांबण्याची आणि वरची सल्ल्याची, हे आधी ठरवून कागदावर लिहायचं. पत्ता उलटल्यावर जागा ठरवली, तर मन आपल्या आवडीचा पत्ता आवडीच्या जागी नेऊन बसवतं.

आता समजा, डावीकडे ‘नाइट ऑफ स्वोर्ड्स’ आला. पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेल्या, १९०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रचलित संचात हा स्वार तलवार उगारून भरधाव निघालेला आहे आणि मागची झाडं वाऱ्याने वाकली आहेत. आज टोकन दिलं तर काम झटपट होईल, पण वाटेतलं काही बघायला उसंत मिळणार नाही, असं तो सांगतो. उजवीकडे आला ‘सेव्हन ऑफ पेंटॅकल्स’. यातला शेतकरी अवजारावर रेलून झुडपाला लगडलेल्या नाण्यांकडे बघतो आहे. केलेले कष्ट वाया जाणार नाहीत, पण हातात लगेच काही पडणार नाही. वरचा सल्ल्याचा पत्ता निघाला ‘जस्टिस’, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात तराजू.

इथे नवखे वाचक हमखास चुकतात. ‘जस्टिस म्हणजे न्याय, तेव्हा फ्लॅट मिळणार’ असं ते म्हणतात, म्हणजे सल्ल्याच्या पत्त्यालाच तिसरा निकाल करून टाकतात. सल्ला क्रियापदात वाचावा लागतो : तोल, तपास, लेखी घे. या प्रसंगात त्याचा अर्थ अगदी रोखठोक निघतो. इंडेक्स टू बघा, फ्लॅटवर बँकेचं कर्ज बाकी आहे का विचारा, सोसायटीची थकबाकी तपासा. मग एजंटला सांगता येतं, “कागद दाखवा, पटले तर आजच टोकन देते.” करू की थांबू, या दोन टोकांच्या मधली ही वाट घाईत दिसली नव्हती.

दोन्ही निकाल वाईट दिसले तर? मग कोणता पत्ता चांगला हे शोधत बसू नये. कोणता तोटा आपल्याला झेपेल, हे बघावं. एखादा पत्ता जागेशी विसंगत वाटला, तरी जागेला धरूनच वाचावा. वेगाचा ‘एट ऑफ वँड्स’ थांबण्याच्या जागी आला, तर ‘थांब, बातमी लवकर येईल’ असा त्याचा अर्थ लावतात.

आणखी एक खबरदारी. ७८ पत्त्यांत २२ मेजर अर्कानाचे असतात. त्यांतला एखादा आला की काहीतरी मोठं घडणार, असं अनेकांना वाटतं. पण तीन पत्त्यांत निदान एक मेजर येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के आहे. म्हणजे ‘डेथ’ किंवा ‘टॉवर’ दिसला म्हणून घाबरून निर्णय फिरवण्याचं कारण नाही. नावडता पत्ता आला म्हणून पुन्हा पिसणं तर सर्वांत वाईट. दुसऱ्यांदा पत्ते काढावेसे वाटले, की आपल्याला काय हवं आहे ते आपल्याला आधीच कळलेलं असतं. ते मान्य करावं आणि पत्ते मिटून ठेवावेत.

पत्त्यांना भविष्य कळतं, याला शास्त्रीय आधार नाही. घाईत आपल्याला एकच वाट दिसते. ही मांडणी दुसऱ्या वाटेलाही तितकाच वेळ द्यायला लावते, एवढाच तिचा खरा उपयोग. म्हणून जिथे विचाराला वेळच नाही, तिथे ती मांडूच नये. छातीत कळ आली, मूल तापाने फणफणलं, तर पत्त्यांना हात न लावता दवाखाना गाठा.