रिव्हर्सच्या दिव्यावरून कॅमेरा

१ जुलै २०१९ पासून भारतात तयार होणाऱ्या नव्या प्रवासी मोटारींना मागे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. कॅमेऱ्याची सक्ती मात्र झाली नाही. अमेरिकेत ती मे २०१८ पासून नव्या हलक्या वाहनांना आहे. म्हणजे आपल्याकडे जुन्या गाडीला मागे डोळा हवा असेल, तर तो बाजारातून आणून बसवावा लागतो. अॅक्सेसरीच्या दुकानात मिळणाऱ्या डब्यात साधारण एवढंच निघतं: अंगठ्याच्या पेराएवढा कॅमेरा, सव्वाचार इंचांचा मॉनिटर, दोन्ही टोकांना पिवळी पिन असलेली सहाएक मीटरची आरसीए केबल आणि लाल-काळ्या वायरींचे दोन तुकडे. माहितीपत्रकावर एक चित्र असतं. त्यात मागच्या दिव्याकडे बाण काढलेला असतो आणि बाकीचं बसवणाऱ्यावर सोडलेलं असतं.

बाण बरोबर जागी आहे. कॅमेरा लागतो तो गाडी मागे घेतानाच, आणि गाडी रिव्हर्समध्ये आहे ही बातमी मागच्या पांढऱ्या दिव्याला आधीच पोचलेली असते. हाताने गिअर बदलायच्या साध्या गाडीत तो मार्ग सरळ आहे. बॅटरीतून निघालेला करंट इग्निशन आणि फ्यूज ओलांडून गिअरबॉक्सवरच्या एका छोट्या स्विचपर्यंत येतो. रिव्हर्स पडला की त्या स्विचचे संपर्कबिंदू जुळतात, करंट मागच्या बल्बला जातो आणि बल्बमधून गाडीच्या बॉडीत, म्हणजे अर्थमध्ये उतरतो. बल्बकडे जाणारी ती एकच वायर दोन कामं करू शकते: कॅमेऱ्याला वीज पुरवणं आणि मॉनिटरला ‘आता जागा हो’ असा इशारा देणं.

ही वायर जादा भार सोसेल का? रिव्हर्सचा नेहमीचा बल्ब २१ वॅटचा असतो. १२ व्होल्टला त्याला पावणेदोन अँपिअर करंट लागतो, आणि दोन बल्ब असतील तर साडेतीन. कॅमेरा आणि छोटा मॉनिटर मिळून सहसा अर्धा अँपिअरही घेत नाहीत. म्हणजे वायरीवर फारसा ताण येत नाही. अडचणी निघतात त्या सगळ्या जोडणीतून.

समजा, बारा-तेरा वर्षांपूर्वीची, हाताने गिअर बदलायची हॅचबॅक आहे. डिकी उघडून टेल लॅम्पचे दोन स्क्रू काढले की पूर्ण दिवा बाहेर येतो आणि मागे कपलरमध्ये पाच-सहा वायरी दिसतात. त्यात पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स आणि अर्थ असतात. कुठल्या रंगाची कुठली, हे मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून रंगावर भरवसा ठेवणारा वायरमन कधीतरी फसतोच. काही गाड्यांत तर रिव्हर्सचा दिवा एकाच बाजूला असतो. त्यामुळे आधी गिअर टाकून कुठला दिवा पेटतो ते पाहावं आणि मगच स्क्रूला हात लावावा.

शोधाची पद्धत सोपी आहे. हँडब्रेक ओढायचा, चाकांना अडसर लावायचा, इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करायचं. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून काळी टोचणी बॉडीच्या उघड्या धातूला लावायची आणि लाल टोचणी कपलरच्या मागच्या बाजूने एकेका वायरीला. दुसऱ्या माणसाने रिव्हर्स टाकावा आणि काढावा. रिव्हर्सला सुमारे १२ व्होल्ट आणि न्यूट्रलला शून्य दाखवणारी वायर आपली. पार्किंग दिवे, ब्रेक आणि इंडिकेटर लावूनही तिच्यावर काही येत नाही ना, ही खात्री त्याच बैठकीत करून घ्यावी. ही तपासणी बल्ब जागेवर ठेवूनच करायची.

वायर सापडली की बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचं आणि मग जोड. इथे आपल्याकडची लोकप्रिय पद्धत म्हणजे वायर सोलायची, दुसरी पिळायची आणि वर काळी टेप गुंडाळायची. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्या टेपचा गोंद वितळतो, टेप सुटते आणि उघडं तांबं पत्र्याला टेकायला मोकळं होतं. मूळ वायर न तोडता मधला सेंटिमीटरभर भाग सोलून, कॅमेऱ्याची लाल वायर भोवती गुंडाळून सोल्डर करणं हा टिकाऊ मार्ग. हीट श्रिंक स्लीव्ह अखंड वायरीवर सरकवता येत नाही, म्हणून अशा जोडावर कापडी हार्नेस टेप घट्ट बसवावी. गाडी वॉरंटीत असेल, तर मूळ वायरीला कात्री लावण्याआधी डीलरला विचारलेलं बरं.

जोडापासून वीतभर अंतरावर एक अँपिअरचा छोटा फ्यूज घालायचा. तयार डब्यात तो नसतो आणि बसवणारेही बहुधा टाळतात. रिव्हर्सच्या दिव्याचा मूळ फ्यूज बल्बची जाड वायर वाचवण्याइतका मोठा असतो. कॅमेऱ्याची केसासारखी वायर कुठे चिरडून शॉर्ट झाली, तर मोठा फ्यूज उडण्याआधी ती वायरच तापून वितळू शकते. शिवाय अनेक गाड्यांत तो फ्यूज डॅशबोर्डवरच्या इतर गोष्टींशी वाटून घेतलेला असतो. तो उडाला की रिव्हर्सच्या दिव्याबरोबर भलतंच काहीतरी बंद पडतं, आणि संशय कॅमेऱ्यावर येईपर्यंत अर्धं गॅरेज हुडकून झालेलं असतं.

काळी वायर मात्र बहुतेकांना फारशी महत्त्वाची वाटत नाही. टेल लॅम्पच्या कपलरमध्ये अर्थ हाताशीच असते, मग तिलाच जोडून मोकळं व्हावं असा मोह होतो. जुन्या गाडीत त्या अर्थच्या बोल्टखाली गंज साचलेला असतो. ब्रेक, इंडिकेटर आणि पार्किंग या सगळ्या बल्बचा करंट त्याच जागेतून परततो, आणि गंजाच्या अडथळ्यामुळे तिथला व्होल्टेज शून्यावर न राहता प्रत्येक दिव्यागणिक थोडा वर उचलला जातो. याचं लक्षण हमखास ओळखता येतं: इंडिकेटर लावला की त्याच्या टिकटिकीबरोबर पडद्यावरचं चित्र उडू लागतं. ब्रेक दाबताच चित्रात आडवे पट्टे आले, तर दोषी तोच. उपाय स्वस्त आहे. डिकीतल्या बॉडीवरचा वेगळा बोल्ट निवडायचा, त्याखालचा रंग पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत खरवडायचा आणि रिंग टर्मिनल घट्ट आवळायचं.

तरीही पट्टे राहिले, तर कारण गाडीच्या दोन टोकांत असतं. कॅमेऱ्याची अर्थ मागे, मॉनिटरची पुढे, आणि आरसीए केबलची जाळीही दोघांना जोडणारी तिसरी वाट. इंजिन चालू असताना या दोन जागांतला किंचित फरक त्या जाळीतून वाहतो आणि चित्रात मिसळतो. अशा वेळी मॉनिटरची काळी वायर मागे आणून कॅमेऱ्याच्याच बोल्टला लावून पाहावी.

केबलमध्ये पिवळ्या पिनेशेजारी दोन्ही टोकांना एक बारीक लाल वायर लोंबकळत असते. इशारा वाहून नेणारी ती हीच. मागचं टोक रिव्हर्सच्या जोडाला, फ्यूजनंतर, आणि पुढचं टोक मॉनिटरला. मॉनिटरला फक्त लाल आणि काळी वायर असेल, तर पुढचं टोक सरळ त्याच्या लाल वायरीला जातं. म्हणजे त्याची सगळी वीज रिव्हर्सच्या दिव्यातूनच येते. जोडणी कमी, पण दर वेळी पडदा नव्याने सुरू होतो आणि चित्र यायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात घाईचा चालक हातभर मागे गेलेला असतो. मॉनिटरला इशाऱ्याची स्वतंत्र वायर असेल, तर मुख्य वीज इग्निशनबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजमधून द्यावी आणि लाल टोक इशाऱ्याला. पडदा तयारच असल्याने चित्र पटकन येतं. यासाठी थोडं जास्त काम पडलं तरी हरकत नाही.

केबल पुढे नेताना ती दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून जाते. पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी दिसल्या, तर त्या एअरबॅगच्या असू शकतात. त्यांना हात लावायचा नाही आणि आपली केबल त्यांना बांधायचीही नाही. कॅमेरा नंबरप्लेटवर, म्हणजे डिकीच्या दारात असतो, त्यामुळे केबलला बॉडी आणि दार यांच्यामधल्या रबरी नळीतून जावं लागतं. दार उघडताना चित्र जातं आणि आपटल्यावर येतं, असं सुरू झालं की नळीतली वायर आतून तुटू लागलीय असं समजावं.

आतापर्यंतचं सगळं जुन्या गाडीचं. नव्या गाड्यांत बल्बला वीज बहुधा बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाचा छोटा संगणक देतो. काही गाड्यांत तो सलग वीज न देता सेकंदाला शंभरएक वेळा चालू-बंद करत देतो. बल्बची तार तेवढ्यात थंड होत नाही, म्हणून डोळ्यांना फरक कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळतो. चित्र लुकलुकतं, किंवा पडद्यावर ‘NO SIGNAL’ येत-जात राहतं. काही संगणक बल्ब शाबूत आहे का हे पाहायला गिअर नसतानाही क्षणभर वीज सोडतात, आणि गाडी पुढे जात असताना मॉनिटर मध्येच चमकतो. खात्री करायची तर कॅमेरा आणि मॉनिटर दोन तात्पुरत्या वायरींनी, मध्ये फ्यूज ठेवून, थेट बॅटरीला जोडावेत. चित्र स्थिर राहिलं, तर सामान चांगलं आहे आणि खोट दिव्याच्या वायरीत आहे.

अशा गाडीत दिव्याकडून फक्त इशारा घ्यायचा आणि वीज दुसरीकडून. त्यासाठी बारा व्होल्टचा चार पिनांचा रिले लागतो. पिन ३० ला इग्निशनवर चालणाऱ्या फ्यूजची वीज, ८७ वरून कॅमेरा आणि केबलची लाल वायर, ८५ अर्थला, ८६ दिव्याच्या वायरीला. एवढ्यावर मात्र रिले मधमाशीसारखा गुणगुणत राहतो, कारण त्याच्या कॉइललाही तुटक वीजच मिळते. म्हणून दिव्याची वायर आणि ८६ यांच्यामध्ये १एन४००७ डायोड घालतात, पट्टीची बाजू रिलेकडे, आणि ८६ ते ८५ यांवर २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर, धन टोक ८६ ला. कॉइलचा रोध नव्वद ओहम धरला, तर हा कपॅसिटर रिलेला सुमारे दोन दशांश सेकंद सांभाळतो. वीज तुटते ती एका वेळी जेमतेम शंभरांश सेकंद. डायोड वगळला, तर साठवलेली वीज उलटी बल्बमध्ये निघून जाते आणि गुणगुण तशीच राहते. हा खटाटोप नको असेल, तर रिव्हर्स कॅमेऱ्याचा तयार फिल्टर अॅक्सेसरीच्या दुकानात मिळतो, तो दिव्याच्या वायरीत मध्ये बसतो.